एकाच नावात तिघे

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंनी आणि त्यांच्या चिमुकल्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. या विधीत थोडेसे पाणी लागते आणि तीन नावे लागतात: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ख्रिस्ती होणाऱ्या प्रत्येकावर ही तीन नावे उच्चारली जातात. रमाबाईंवरही ती उच्चारली गेली, आणि पुढची दोन वर्षे त्या नावांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

१८८५ साली, चेल्टनम येथे राहत असताना, ज्यांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि तिथल्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार झाला. रमाबाई वेदशास्त्रसंपन्न घरातल्या होत्या. ग्रंथप्रामाण्य म्हणजे काय आणि ग्रंथावर नंतर चढवलेली पुटे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. बायबल मान्य, पण देव एक असून तीन आहे, हे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे? चर्चने नंतर रचलेल्या मतपत्रातला शब्द आपण का स्वीकारावा? धर्मगुरूंच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द मानायला आपण बांधलेल्या नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले होते.

रमाबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मराठी ख्रिस्ती ज्याला 'त्रैक्य' म्हणतात, त्या अर्थाचा शब्द बायबलमध्ये नाही. ग्रीक भाषेत या अर्थाचा शब्द इ.स. १८०च्या सुमारास अंत्युखियाच्या थिओफिलसच्या लिखाणात दिसतो. लॅटिनमध्ये तो रुळवला कार्थेजच्या तर्तुलियनने, इ.स. २१३च्या आसपास. म्हणजे येशूनंतर दीड-पावणेदोन शतकांनी. मग हा शब्द आला कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे, पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या हातून एक गोष्ट रोज घडत होती. ती नेमकी काय आहे हे सांगायला त्यांच्याजवळ भाषा नव्हती. त्रैक्याचा सिद्धान्त म्हणजे त्या रोजच्या कृतीसाठी तीनशे वर्षे चाललेला भाषेचा शोध आहे.

मराठी वाचकाच्या मनात 'तीन आणि एक' म्हटल्याबरोबर दत्त उभा राहतो, किंवा ब्रह्मा-विष्णू-महेश. ही तुलना स्वाभाविक आहे, पण इथे ती आडवाट ठरते. त्रिमूर्तीत कामांची वाटणी आहे: एकाने निर्माण करायचे, दुसऱ्याने सांभाळायचे, तिसऱ्याने संहार करायचा. ख्रिस्ती म्हणण्यानुसार पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात असे खातेवाटप नाही. जग निर्माण केले ते तिघांनी मिळून, आणि माणसाला तारतात तेही तिघे मिळून. शिवाय त्रिमूर्तीच्या मागे अनेक देवांना पूजणारी परंपरा आहे. त्रैक्य जन्मले ते याच्या नेमक्या उलट्या घरात.

ते घर यहुद्यांचे. धर्मनिष्ठ यहुदी रोज सकाळी आणि संध्याकाळी एक वचन म्हणतो. आपला देव प्रभू आहे आणि प्रभू एकच आहे, असा त्याचा आशय. येशू हे वचन म्हणत वाढला, त्याचे शिष्य पेत्र, याकोब, योहान तेच म्हणत वाढले, पौल तर त्या वचनाचा कडवा अभिमानी. या लोकांच्या मनात सगळ्या अस्तित्वाच्या मधोमध एक रेघ होती. रेघेच्या एका बाजूला निर्माता, एकटा. दुसऱ्या बाजूला बाकी सगळे: देवदूत, राजे, माणसे, गुरे, दगड. रेघेच्या या बाजूच्या कुणालाही देव मानून नमस्कार करणे, त्याची प्रार्थना करणे म्हणजे महापाप. त्यासाठी लोक प्राण देत.

आणि हेच लोक येशूची प्रार्थना करू लागले. येशूच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत पौलाने करिंथच्या मंडळीला एक पत्र लिहिले. त्यात त्याने त्या रोजच्या वचनातले दोन शब्द घेतले, 'देव' आणि 'प्रभू'. पहिला पित्याला लावला, दुसरा येशूला, आणि दोघांच्याही मागे 'एकच' हा शब्द तसाच ठेवला. जणू त्याने वचन मोडले नाही, फक्त उघडून दाखवले. इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याची गीते म्हणतात. प्लिनीला सिद्धान्तात रस नव्हता. त्याने जे कळले ते कळवले.

त्यात आणखी एक अडचण होती. येशू स्वतः प्रार्थना करत असे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो जमिनीवर पडून पित्याला विनवत होता. म्हणजे पिता वेगळा आणि तो वेगळा. आणि येशू गेल्यावर शिष्यांना आपल्या आत एक बळ, एक वाचा जाणवू लागली. ते तिला देवाचा पवित्र आत्मा म्हणत, आणि ती पित्याकडून आली आहे, पुत्राने पाठवली आहे, असे सांगत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी बाप्तिस्म्याची जी आज्ञा आहे तिच्यात हे तिघे एका ओळीत येतात. आणि तिथे 'नाव' हा शब्द मात्र एकवचनी आहे. नावे तीन, पण 'नावांनी' असे म्हटलेले नाही. पहिल्या शतकाच्या शेवटाकडचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे 'दिदाखे' नावाचे एक छोटे पुस्तक आहे, नव्या मंडळ्यांसाठी लिहिलेले. त्यात सांगितले आहे की शक्यतो वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा. पुरेसे पाणीच नसेल तर त्या तीन नावांनी डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. इतकेच. स्पष्टीकरण नाही.

तर अशी कृती आधी होती. देव एकच, हे सोडायचे नाही. येशूची उपासना थांबवायची नाही. येशू म्हणजे पिताच, असे म्हणता येत नाही, कारण तो पित्याशी बोलतो. ही तीन टोके एकत्र कशी बांधायची?

दोन सोप्या वाटा लगेच सुचतात, आणि दोन्ही त्या काळी कुणीतरी चालून पाहिल्या.

पहिली वाट म्हणजे देव एकच, आणि तो तीन रूपे घेतो. आजही प्रवचनात हा दृष्टान्त ऐकू येतो: पाणी एकच, कधी बर्फ, कधी पाणी, कधी वाफ. किंवा एकच बाई कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची मुलगी. ऐकायला गोड आहे, पण बागेतल्या त्या रात्रीपाशी तो कोसळतो. बर्फ वाफेला हाक मारत नाही. आई असलेली बाई मुलगी असलेल्या स्वतःपुढे पडून रडत नाही. तिन्ही एकाच नटाच्या भूमिका असतील तर येशूची प्रार्थना म्हणजे स्वतःशीच केलेला संवाद ठरतो, नाटक ठरते. तर्तुलियनने या मताच्या प्राक्सेयस नावाच्या माणसावर रागाने पुस्तकच लिहिले. या मताने पित्यालाच क्रुसावर चढवले, असा त्याचा आरोप होता. बेलाच्या पानाचा दृष्टान्त दुसऱ्या बाजूने चुकतो. तिथे तीन दळे मिळून एक पान होते आणि प्रत्येक दळ पानाचा एक तुकडा असते. ख्रिस्ती माणूस पित्याला देवाचा तिसरा हिस्सा म्हणत नाही. प्रत्येकात देवपण पुरे आहे.

दुसरी वाट एरियसची. त्याच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्रैक्याचा सिद्धान्त त्याला उत्तर देतानाच घडला, आणि तो मूर्ख नव्हता. एरियस हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातला धर्मगुरू. तिथल्या बौकालिस भागातल्या चर्चचे काम त्याच्याकडे होते. इ.स. ३१८च्या सुमारास त्याचे त्याच्या बिशपशी, अलेक्झांडरशी, बिनसले. एरियसला देवाचे एकपण प्राणापलीकडे प्रिय होते. त्याचा तर्क असा: पिता कुणापासून आलेला नाही, पुत्र पित्यापासून आलेला आहे. जो कुणापासून आला, त्याला आरंभ आहे. म्हणजे पुत्र नव्हता अशी एक अवस्था होती. म्हणून पुत्र हा देवाची निर्मिती आहे. सगळ्यात पहिली, सगळ्यात श्रेष्ठ, जिच्या हातून देवाने बाकीचे जग घडवले अशी, पण निर्मितीच. त्या रेघेच्या या बाजूची.

मला हा तर्क आजही बळकट वाटतो. बाप आधी, मुलगा नंतर, हे कोण नाकारील? एरियसने आपली मते गीतांत बांधली होती. खलाशांच्या, दळण दळणाऱ्यांच्या, वाटसरूंच्या तोंडी बसतील अशी गीते त्याने रचली, असे एका जुन्या इतिहासकाराने नोंदवले आहे. अलेक्झांडरच्या बाजूने प्रश्न आला तो साधा होता. पुत्र नव्हता अशी अवस्था असेल, तर तेव्हा देव पिता नव्हता. मग तो नंतर पिता झाला. म्हणजे देवात बदल झाला, काहीतरी नव्याने जोडले गेले. मूल होईपर्यंत माणूस बाप नसतो, हे ठीक. पण देवाचे पितेपण असे मागाहून चिकटलेले असते का? दिवा आणि त्याचा उजेड यांचा विचार करा. उजेड दिव्यापासून येतो, दिवा उजेडापासून येत नाही. तरी पेटलेला दिवा आधी होता आणि उजेड मागून आला, असे होत नाही. 'पासून' या शब्दात 'नंतर' हा अर्थ असलाच पाहिजे, असे नाही. सगळा वाद या एका शब्दयोगी अव्ययावर उभा होता.

भांडण इतके पसरले की सम्राट कॉन्स्टंटाइनला मध्ये पडावे लागले. इ.स. ३२५च्या उन्हाळ्यात त्याने बिशपांना निकेया या तळ्याकाठच्या गावी बोलावले. आजच्या तुर्कस्तानातले इझ्निक ते हेच. परंपरा ३१८ बिशप आले असे मानते. प्रत्यक्षात अडीचशे ते तीनशे असावेत. ख्रिस्ती लोकांचा सरकारी छळ थांबून जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि जमलेल्यांतल्या काहींच्या अंगावर त्याच्या खुणा होत्या.

तिथे जे घडले त्याची हकिगत अथानासियस नावाच्या एका तरुणाने पुढे लिहून ठेवली. तो तेव्हा अलेक्झांडरचा सेवक म्हणून आला होता. मतपत्रात बिशपांना शक्यतो बायबलमधलेच शब्द वापरायचे होते. पुत्र 'देवापासून' आहे, असे लिहावे का? एरियसच्या बाजूचे लोक लगेच तयार झाले. सगळेच देवापासून आहे, झाडेसुद्धा! पुत्र देवाचे 'सामर्थ्य' आहे, असे लिहावे का? त्यालाही त्यांची हरकत नव्हती; बायबलमध्ये टोळधाडीलाही देवाचे सामर्थ्य म्हटले आहे. अथानासियस सांगतो की प्रत्येक नवा शब्द पुढे आला की ते एकमेकांत कुजबुजत, डोळ्यांनी खुणावत. बायबलमधला प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंना आपापल्या अर्थाने म्हणता येत होता. तेव्हा बिशपांना असा शब्द हवा होता जो एरियसला म्हणताच येणार नाही. तो त्यांना ग्रीक भाषेत मिळाला: होमोऊसिओस. अर्थ असा की पिता ज्या सत्त्वाचा, पुत्रही त्याच सत्त्वाचा. देव असणे म्हणजे जे काही आहे, ते पुत्रात जसेच्या तसे आहे. रेघेच्या त्या बाजूला.

बायबलमध्ये नसलेला शब्द आला तो असा. रमाबाईंचा आक्षेप नवा नव्हता. निकेयाच्या सभेतल्या कित्येकांच्या मनात तोच होता आणि पुढची पन्नास वर्षे तो पुन्हा पुन्हा उठत राहिला. कैसरियाचा विद्वान बिशप युसेबियस याने सही केली खरी. पण आपल्या मंडळीला लांबलचक पत्र लिहून, हा शब्द आपण कोणत्या अर्थाने मान्य केला, हे त्याला समजावून सांगावे लागले. सही न करणारे शेवटी दोघेच बिशप उरले, दोघेही लिबियाकडचे. एरियसला हद्दपार केले गेले.

प्रकरण इथे मिटले असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. सम्राटाचे मन काही वर्षांतच फिरले. इ.स. ३३७ मध्ये मरताना त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या मित्राच्या हातून. त्याच्या मुलाच्या राज्यात तर पारडे उलटेच झाले. अथानासियस आता अलेक्झांड्रियाचा बिशप झाला होता. त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, आयुष्यातली सुमारे सतरा वर्षे त्याने बाहेर काढली. तो एकाच मुद्द्याला धरून होता, आणि तो मुद्दा तर्काचा नव्हता, तारणाचा होता. येशूशी जोडले गेल्याने आपण देवाशी जोडले जातो, हा ख्रिस्ती माणसाचा सगळा भरवसा. येशू रेघेच्या या बाजूचा असेल, तर त्याला धरून आपण कितीही वर चढलो तरी पोहोचतो ते दुसऱ्या एका निर्मितीपर्यंत. दोर कितीही लांब असला आणि वरच्या टोकाला कड्याला बांधलेलाच नसेल, तर त्याला लोंबकळून काय उपयोग?

आतापर्यंत दोघांचेच बोलणे झाले. तिसऱ्याचे काय? ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती व्याकरणाची आहे.

इ.स. ३७०नंतरच्या काही वर्षांत कप्पदुकियातल्या कैसरिया शहराचा बिशप होता बेसिल. (हे कैसरिया युसेबियसच्या गावापेक्षा वेगळे, आज ते तुर्कस्तानात आहे.) उपासनेच्या शेवटी देवाचा गौरव करणारे एक वाक्य म्हणण्याची चाल होती. बेसिल ते दोन प्रकारे म्हणे. कधी 'पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यामध्ये' पित्याला गौरव असो, असे. तर कधी 'पुत्रासह, पवित्र आत्म्यासह' पित्याला गौरव असो, असे. एके दिवशी ऐकणाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली. 'सह' हा शब्द नवा आहे, घातक आहे, आणि पहिल्या वाक्याशी त्याचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. बेसिलचा मित्र, इकुन्याचा बिशप अँफिलोखियस याने त्याला हे उलगडून लिहायला सांगितले. बेसिलने एक अख्खे पुस्तक लिहिले, इ.स. ३७५च्या सुमारास, अव्ययांवर.

विरोधकांचे म्हणणे असे. 'पासून' पित्याला लागते, 'द्वारे' पुत्राला, 'मध्ये' आत्म्याला. सुताराच्या कामात जसा सुतार, त्याचे हत्यार आणि कामाची जागा असते, तसे हे तीन. शब्द वेगळे म्हणून दर्जे वेगळे: पिता मालक, पुत्र हत्यार, आत्मा नुसती जागा. बेसिलने बायबल पुढे घेतले आणि एकेक वचन काढून दाखवले की तिथे अशी वाटणी नाही. 'द्वारे' हा शब्द पित्यालाही लागलेला आहे, 'पासून' पुत्रालाही आणि आत्म्यालाही. मग दोन्ही वाक्ये का म्हणायची? कारण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, असे बेसिलचे उत्तर. 'द्वारे' आणि 'मध्ये' हे आपल्या बाजूचे शब्द आहेत: देणे आपल्यापर्यंत कसे येते ते त्यांतून कळते. 'सह' मात्र तिघांचे एकमेकांशी काय नाते आहे ते सांगते: पंगतीत ते शेजारी-शेजारी बसलेले आहेत, वाढपी म्हणून उभे नाहीत. आणि त्याचा हुकमी पुरावा शेवटी बाप्तिस्माच होता. तिथे आत्म्याचे नाव पिता-पुत्रांच्या ओळीत, त्याच 'आणि'ने जोडलेले आहे. ज्याच्या नावात आपण बुडलो त्याला नंतर खालच्या पाटावर कसे बसवणार?

बेसिल सावधही होता. पुत्राबद्दल तो जसे स्पष्ट लिही, तसे 'आत्मा हा देव आहे' असे सरळ वाक्य त्याने लिहायचे टाळले. ऐकणारे बिथरू नयेत म्हणून. त्याचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, मात्र ते उघड म्हणे. बेसिल ३७९च्या प्रारंभी वारला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे दीडशे बिशपांची सभा भरली. तिथल्या मतपत्रातही आत्म्याला 'देव' हा शब्द सरळ लावलेला नाही. पिता आणि पुत्र यांच्यासह त्याची उपासना होते, सह-गौरव होतो, असे म्हटले आहे. ज्या 'सह'वरून लोकांनी कैसरियात तोंडे वाकडी केली होती, तोच या वाक्यात दोनदा बसला.

त्याच काळात बेसिलचा धाकटा भाऊ, न्यासाचा ग्रेगरी, याने कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांचे एक चित्र काढून ठेवले आहे. सुटे पैसे मागा, दुकानदार तुम्हाला पुत्र उत्पन्न आहे की अनुत्पन्न हे सांगू लागतो. पावाचा भाव विचारा, पिता श्रेष्ठ आणि पुत्र कनिष्ठ असे उत्तर मिळते. आंघोळीचे पाणी तापले का म्हणावे, तर नोकर म्हणतो, पुत्र शून्यातून झाला. त्याची तक्रार खरी असेलच. पण विषय फक्त पंडितांचा नव्हता हेही त्यातून कळते.

याच ग्रेगरीला अब्लाबियस नावाच्या एकाने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक नवख्याच्या ओठांवर असतो. पेत्र, याकोब आणि योहान यांच्यात माणूसपण एकच आहे. तरी आपण त्यांना तीन माणसे म्हणतो. मग तिघांत देवपण एकच असेल तर तीन देव का म्हणायचे नाही? ग्रेगरीचे उत्तर कामाकडे पाहून आहे. तीन शेतकरी असतील तर प्रत्येक जण आपापले शेत नांगरतो. तीन चांभार असतील तर प्रत्येकाचा जोडा वेगळा. एकाने हात आखडला तरी दुसऱ्याचे काम चालू राहते. म्हणून ते तीन. देवाच्या कामात असे कुठेच सापडत नाही. आपल्याला जीवन मिळाले, ते तिघांकडून मिळाले. पण आपल्याला तीन जीवने मिळाली नाहीत. प्रत्येक काम पित्यापासून निघते, पुत्राच्या द्वारे येते आणि आत्म्यात पुरे होते. आणि ते एकच काम असते.

हे कोरडे वाटत असेल तर एक माणूस प्रार्थनेला बसलेला डोळ्यांपुढे आणा. तो 'बापा' अशी हाक मारतो. येशूच्या अरामी भाषेत हा शब्द 'अब्बा'. हाक पित्याला आहे. पण विश्वाच्या निर्मात्याला 'बाप' म्हणण्याचा हक्क त्याला आला कुठून? तो त्याचा स्वतःचा नाही. पुत्राने आपल्या शेजारी त्याला जागा दिली, म्हणून तो पुत्राची हाक आपली करून मारतो. आणि ही हाक त्याच्या आतून वर येते ती कुणामुळे? पौल रोमकरांस लिहितो की ती आत्म्यामुळे येते. आपल्याला काय मागावे हे कळत नाही तेव्हा तोच आपल्या आत मागतो. म्हणजे देव त्या माणसाच्या समोर आहे, शेजारी आहे आणि आत आहे. तिन्ही ठिकाणी देवच आहे, अर्धामुर्धा नाही. आणि समोरचा म्हणजे शेजारचा नव्हे, शेजारचा म्हणजे आतला नव्हे. सिद्धान्त म्हणून जे सांगतात ते यापेक्षा फार जास्त नाही.

मग तिघांत फरक कशाने? ख्रिस्ती उत्तर आहे: फक्त नात्याने. ज्ञान कमी-जास्त नाही, सत्ता कमी-जास्त नाही, वय तर नाहीच. पिता कुणापासून नाही. पुत्र पित्यापासून जन्मतो, सदासर्वदा. आत्मा पित्यापासून निघतो. पश्चिमेकडच्या चर्चने पुढे 'आणि पुत्रापासून' हे शब्द मतपत्रात जोडले, पूर्वेकडच्यांनी ते मानले नाहीत. १०५४ मध्ये दोन्ही चर्च दुरावले त्याच्या कारणांत हाही वाद होता. मध्ययुगात कुणीतरी सगळी मांडणी एका ढालीवर काढली. तीन कोपऱ्यांत तीन वर्तुळे, मधोमध चौथे, त्यात 'देव'. कोपऱ्यातून मध्याकडे येणाऱ्या पट्टीवर 'आहे'. कोपऱ्याकोपऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर 'नाही'. पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे. पिता पुत्र नाही, पुत्र आत्मा नाही, आत्मा पिता नाही. दृष्टान्तांपेक्षा ही ढाल मला प्रामाणिक वाटते, कारण ती समजावण्याचा आव आणत नाही. कोणते वाक्य गाळले तर काय बिघडते ते मात्र तिच्यावर बोट ठेवून पाहता येते. 'नाही'च्या पट्ट्या पुसल्या तर प्राक्सेयस, पुत्राची 'आहे'ची पट्टी पुसली तर एरियस.

तिघे म्हणजे तीन काय, हा प्रश्न तरी उरतोच. मराठीत 'तीन व्यक्ती' म्हणतात. आपल्या कानाला त्यात तीन मने, तीन इच्छा, तीन स्वभाव ऐकू येतात, आणि मग पुन्हा तीन देवांकडे पाय घसरतो. जुन्या अर्थाने हा शब्द तसा नाही. तिघांची इच्छा एकच आहे, असेच ख्रिस्ती मानतात. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने या विषयावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याला सुमारे वीस वर्षे लागली. त्यातच त्याने कबूल केले की 'तीन व्यक्ती' हा शब्द आपण वापरतो तो काही नेमके सांगता येते म्हणून नव्हे, तर गप्प बसावे लागू नये म्हणून. यहुदी आणि मुसलमान हा सिद्धान्त मानत नाहीत. त्यांना तो देवाच्या एकपणाला धक्का वाटतो. एरियसलाही तसेच वाटले होते. ही हरकत वाऱ्यावर सोडून द्यावी अशी नाही, आणि ख्रिस्ती विचारवंतांनी ती सोडलेलीही नाही. वर सांगितलेली सगळी खटपट त्यातूनच निघाली.

रमाबाईंनी चेल्टनमला विचारलेल्या प्रश्नांनंतरही बायबल खाली ठेवले नाही. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात ते मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या बायामाणसांच्या मराठीत आणण्यात घालवली. मत्तयाच्या शेवटी येणारे ते एकवचनी 'नाव' त्यांच्या हाताखालून गेले असणारच.

वाचकाला कधी एखाद्या मराठी चर्चमध्ये रविवारी मागच्या बाकावर बसता आले, तर प्रार्थनांच्या शेवटांकडे कान द्यावा. एखादी प्रार्थना पित्याला उद्देशून सुरू होते आणि 'ख्रिस्ताच्या द्वारे' अशी संपते. थोड्या वेळाने स्तोत्र होते आणि त्याच्या शेवटी पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला एकाच 'आणि'ने जोडून गौरव दिला जातो. बेसिलची दोन्ही वाक्ये अजून म्हटली जातात, एकापाठोपाठ एक, आणि आता कुणी हरकत घेत नाही.